पेन्शनचा चाळीस टक्के हिस्सा: आज एकरकमी घ्यावा की दरमहा?

"येत्या ३१ ऑगस्टला (२०२६) साठ पूर्ण करून सरकारी कचेरीतून निवृत्त होतोय. नोकरी तेहतीस वर्षं, शेवटचा बेसिक ७०,०००. पेन्शनच्या कागदांबरोबर कम्युटेशनचा फॉर्म आलाय. कचेरीत सगळे म्हणतात, चाळीस टक्के घेऊन टाक, रक्कम करमुक्त आहे, आणि माणसाचं आयुष्य सत्तर धरलं तर आपण फायद्यातच. बायको म्हणते, महिन्याला चौदा हजार कमी आले तर घर कसं चालवायचं? मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. वडील अडुसष्टाव्या वर्षी गेले, आई चौऱ्याऐंशीची असून हिंडती-फिरती आहे. घरकर्जाचे ३,८०,००० फेडायचे आहेत, व्याज ८.६ टक्के. मुलगा पर्यटकांसाठी गाडी घ्यायची म्हणतोय. काय करावं?"
— एक वाचक, फोंडा तालुका

नमस्कार. कचेरीने पेन्शनच्या हिशेबाचा जो कागद तयार केला असेल, त्याची एक प्रत मागून घ्या आणि पुढचं वाचताना ती समोर ठेवा. फॉर्मवर सही करण्याआधी तो कागद पाहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बरेच जण मात्र तो पहिल्यांदा पाहतात ते पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, हातात पडल्यावर.

त्या कागदावर सुरुवातीला तुमची अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरलेली नोकरीची वर्षं, आणि शेवटचं वेतन असेल. त्याखाली पेन्शन, म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मे, ३५,०००. शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी जास्त येत असेल तर ती धरतात, तुमच्या बाबतीत त्याने फरक पडणार नाही. पुढची ओळ कम्युटेशनची, म्हणजे पेन्शनचा काही हिस्सा विकून त्याचे पैसे आज एकरकमी घेण्याची. पेन्शनच्या जास्तीत जास्त ४० टक्के हिस्सा विकता येतो, म्हणजे १४,०००. त्याला बाराने गुणून वर्षाचे १,६८,००० करायचे आणि त्याला वयाच्या तक्त्यातल्या गुणकाने गुणायचं. हा गुणक आजच्या वयाचा नसतो, पुढच्या वाढदिवसाला जे वय होणार त्याचा असतो. तुमचं पुढचं वय ६१, त्याचा गुणक ८.१९४. गुणाकार १३,७६,५९२ रुपये येतो. तुमच्या कागदावर यापेक्षा वेगळा आकडा असेल तर गुणक कोणता घेतलाय ते आधी बघा. ६२ चा गुणक ८.०९३ आहे, तो चुकून लागला तर सरळ १६,९६८ रुपये कमी येतात.

शेवटी उरलेली पेन्शन, २१,०००. कापलेले १४,००० पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतात.

इथपर्यंतचं कागदावर दिसतं. निर्णय ज्या तीन गोष्टींवर ठरतो त्या मात्र त्या कागदावर शेजारी शेजारी लिहिलेल्या नसतात, म्हणून त्या नीट सांगतो.

पहिली गोष्ट महागाई दिलाशाची, म्हणजे पगारातल्या महागाई भत्त्यासारखा पेन्शनवर जो मिळतो त्याची. तो नेहमी पूर्ण पेन्शनवर मिळतो, उरलेल्या पेन्शनवर नाही. दिलासा ५८ टक्के धरला तर ३५,००० वर २०,३०० येतात, कम्युटेशन घेतलं तरी तेवढेच आणि नाही घेतलं तरी तेवढेच. म्हणजे तुमच्या हातात महिन्याला कम्युटेशनशिवाय ५५,३०० आणि कम्युटेशनसह ४१,३०० पडतील. तुमच्या पत्नीला बहुधा ३५ ऐवजी २१ हा आकडा दिसतो आणि घर निम्म्या पैशांत चालवायचंय असं वाटतं. प्रत्यक्षात हातातल्या रकमेचा चौथा हिस्सा कमी होतो.

दुसरी गोष्ट, कपात रुपयांत ठरलेली असते. महागाई वाढली, दिलासा वाढला, तरी कपात १४,००० च राहते. पहिल्या वर्षी ती जेवढी बोचते तेवढी दहाव्या वर्षी बोचत नाही.

तिसरी गोष्ट पत्नीच्या फॅमिली पेन्शनची. ती तुमच्या शेवटच्या वेतनावरून ठरते, उरलेल्या पेन्शनवरून नाही. त्यामुळे कम्युटेशनने तिच्या पेन्शनचा एक रुपयाही कमी होत नाही. तुमचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही ६७ वर्षांचे झाला असता त्या तारखेपर्यंत, किंवा मृत्यूनंतर सात वर्षं, यांपैकी जे आधी संपेल तोवर तिला ३५,००० मिळतील, नंतर वेतनाच्या ३० टक्के म्हणजे २१,०००, दोन्हींवर दिलासा वेगळा. आणि पंधरा वर्षं भरण्याआधी तुम्ही गेलात तर राहिलेली कपात कुणाकडूनही वसूल होत नाही. ती तिथेच संपते.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कम्युटेशनचं खरं रूप दिसतं. हे सरकारकडून घेतलेलं पंधरा वर्षांचं कर्ज आहे, हप्ता दरमहा १४,०००, आणि कर्जदार गेला की कर्ज माफ. कर्ज म्हटलं की पहिला प्रश्न व्याजदराचा. तुमच्या आकड्यांवर तो ९.०५ टक्के येतो. संगणकावर कुठल्याही शीटमध्ये तो स्वतः काढता येतो:

```
=RATE(180,-14000,1376592)*12
=NPER(7%/12,-14000,1376592)
=PV(7%/12,180,-14000)
```

पहिलं सूत्र हा व्याजदर देतं. दुसरं आणि तिसरं थोड्या वेळात लागतील. आकडे भरताना तुमच्या कागदावरची कपात आणि रक्कम टाका. बाकी काही बदलायचं नाही.

गुणकांचा हा तक्ता २००८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. तो ८ टक्के व्याज आणि विमा महामंडळाचा १९९४-९६ चा मृत्यूतक्ता धरून बनवलाय. तुम्ही पंधरा वर्षं पूर्ण जगलात तर तुम्हाला ९ टक्क्यांच्या थोडं वर पडतं. ८ आणि ९.०५ मधला फरक म्हणजे 'गेलो तर माफ' या सोयीची किंमत समजा. सगळे मिळून ती भरतात, आणि जे लवकर जातात त्यांच्या घरच्यांना तिचा उपयोग होतो.

कचेरीत जे हिशेब चालतात ते दोन टोकांचे असतात. एक जण म्हणतो, १३,७६,५९२ ला १४,००० ने भागलं की ९८ महिने येतात, म्हणजे आठ वर्षं दोन महिन्यांत पैसे फिटले आणि पुढची जवळजवळ सात वर्षं सरकार आपल्याला लुबाडतं. दुसरा म्हणतो, पंधरा वर्षांत २५,२०,००० कापले जातात, आणि मिळतात किती, तर पावणेचौदा लाख. दोघेही आज मिळालेला रुपया आणि पंधरा वर्षांनी कापलेला रुपया एकच धरतात. हातात आलेली रक्कम ७ टक्क्यांनी ठेवली आणि तिच्यातून दरमहा १४,००० काढत गेलं तर ती किती पुरते, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर दुसरं सूत्र देतं: साधारण १४६ महिने, म्हणजे बारा वर्षं दोन महिने. तुमच्यासाठी बरोबरीचं वय आहे ७२.

आता आयुष्याचं. "सत्तर धरलं तर" इथे तुमच्या सहकाऱ्यांची गफलत होतेय. भारतात सत्तरच्या आसपास जे सरासरी आयुष्य सांगतात ते आज जन्मलेल्या बाळाचं असतं. त्यात बालपणी, तरुणपणी, अपघातात गेलेले सगळे मोजलेले असतात. तुम्ही साठ पूर्ण करताय, म्हणजे ते सगळे धोके मागे टाकलेत. नमुना नोंदणी पाहणीचे जे आयुर्मान तक्ते निघतात, त्यांत 'साठीला उरलेलं आयुष्य' असा वेगळा रकाना असतो. देशभराच्या सरासरीने तो पुरुषांसाठी सतरा-अठरा वर्षांच्या आसपास आणि बायकांसाठी एकोणीसच्या आसपास येतो. म्हणजे साठीच्या सामान्य पुरुषाने सत्तर नव्हे, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर धरायला हवेत. त्या सरासरीत दवाखाना दूर असलेली, नियमित उत्पन्न नसलेली माणसंही आहेत. पगारदार, औषधपाणी वेळेवर होणारा गोव्यातला माणूस सहसा त्या सरासरीच्या वरच्या बाजूला असतो.

मग सत्त्याहत्तर धरले की कम्युटेशन तोट्याचं ठरतं का? हो, पण तोटा किती, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कारण पंच्याहत्तरीला कपात थांबते. त्यानंतर तुम्ही ऐंशीपर्यंत जगा की पंच्याण्णवपर्यंत, कम्युटेशनने एक पैशाचाही जास्त फटका बसत नाही. 'मी खूप जगलो तर पस्तावेन' ही भीती म्हणूनच फुकटची. आयुष्याचा प्रश्न इथे फक्त साठ ते पंच्याहत्तर या पट्टीतला आहे.

तुमचे आकडे ७ टक्के व्याजाने आजच्या किमतीत आणून पाहू. पंचाहत्तर ओलांडलीत, तर सगळ्या कपातीची आजची किंमत तिसऱ्या सूत्राप्रमाणे सुमारे १५,५७,६०० येते. मिळाले १३,७६,६००. तोटा १,८१,००० च्या आसपास. हा जास्तीत जास्त तोटा. सत्तरीला गेलात, तर दहा वर्षांच्या कपातीची आजची किंमत सुमारे १२,०५,८००, म्हणजे घराला १,७१,००० चा फायदा. पासष्टीला गेलात, तर कपात फक्त सुमारे ७,०७,००० ची झालेली, फायदा ६,७०,००० च्या जवळ. वडिलांच्या वयाला, अडुसष्टला, काय होतं हे त्या सूत्रात १८० च्या जागी ९६ टाकून तुम्हीच बघा.

सरासरी पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त पंच्याहत्तरी पाहतात. त्यांना पावणेदोन लाखांचा तोटा. जे लवकर जातात ते संख्येने कमी, पण त्यांच्या घराला मिळणारा फायदा कितीतरी पटीने मोठा. सगळं मिळून तराजू जवळजवळ समतोल राहतो, आणि दहा वर्षांचा मधुमेह तुमचं पारडं किंचित कम्युटेशनकडे झुकवतो. किंचितच. आईचं वय पाहिलं तर तुम्हीही ऐंशी सहज गाठाल, आणि तसंच व्हावं.

मधुमेहाचा संबंध दुसऱ्या एका ठिकाणी जास्त येतो. नियत वयाने निवृत्त होणाऱ्याने निवृत्तीपासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. वर्ष उलटलं की लागते. तिथे तुमची साखर, रक्तदाब, मूत्रपिंड सगळं तपासतात, आणि वैद्यकीय मंडळ तुमचं वय प्रत्यक्षापेक्षा जास्त धरायला सांगू शकतं. वय जास्त म्हणजे गुणक कमी, रक्कम कमी. "आत्ता नको, पुढे गरज पडली तर घेऊ" हा विचार धडधाकट माणसाला परवडेल, तुम्हाला नाही. घ्यायचं तर आत्ताच घ्या. एकसष्टावा वाढदिवस उलटला की ६२ चा गुणक लागतो ते वेगळंच.

करमुक्तीचा मुद्दा तुमच्या बाबतीत मी बाजूला काढतो. सरकारी कर्मचाऱ्याला कम्युटेशनच्या रकमेवर कर नाही हे खरं. पण तुमची पूर्ण पेन्शन दिलाशासह वर्षाला ६,६३,६०० होते. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो, आणि पेन्शनला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. ठेवींचं व्याज धरूनही तुम्ही त्या रेषेच्या बरेच खाली राहता. जी पेन्शन घेतली तरी कर बसणार नव्हता, ती विकून कर वाचत नाही. वरच्या श्रेणीतून निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला या मुद्द्यात दम आहे. तो तुम्हाला ऐकवणारे बहुधा त्याच्याकडून ऐकून सांगताहेत.

आता पैसा कुठे जाणार ते. माझ्या मते तुमचा निर्णय व्याजापेक्षा इथेच ठरतो.

कम्युटेशन सोडूनही तुमच्याकडे मोठी रक्कम येणार आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जे वेतन होतं त्याच्या साडेसोळा पट, कारण तुमची तेहतीस वर्षं पूर्ण भरतात. ५८ टक्क्यांनी ते वेतन १,१०,६०० आणि ग्रॅच्युइटी १८,२४,९००. रजा तीनशे दिवस शिल्लक असेल तर तिचे दहा महिन्यांचे ११,०६,०००. शिवाय भविष्य निर्वाह निधी, म्हणजे जीपीएफ. घरकर्ज फेडायला कम्युटेशनची गरजच नाही. ग्रॅच्युइटी हातात आली की त्यातून ३,८०,००० भरून मोकळे व्हा. ९.०५ टक्क्यांच्या पैशाने ८.६ टक्क्यांचं कर्ज फेडण्यात काही कमाई नाही. कुणाचं पर्सनल लोन बारा-तेरा टक्क्यांचं असतं आणि दुसरे पैसे नसते, तर मी डोळे झाकून कम्युटेशन घ्या म्हटलं असतं.

कर्ज फेडून ग्रॅच्युइटी आणि रजेचे मिळून साडेपंचवीस लाख उरतात. ते बहुतेक जण पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवतात, आणि ते योग्यच आहे. २०२३ च्या एप्रिलपासून तिथे ८.२ टक्के मिळू लागले. दर तिमाहीला नव्या खात्यांचा दर ठरतो, पण उघडलेल्या खात्याला पाच वर्षं तोच दर राहतो. मात्र एका माणसाला तिथे तीस लाखांचीच मर्यादा आहे. साडेपंचवीस लाख गेल्यावर जेमतेम साडेचार लाखांची जागा उरते, आणि जीपीएफ आला की तीही भरते. म्हणजे कम्युटेशनचे पावणेचौदा लाख ८.२ टक्क्यांवर बसणार नाहीत, ते बँकेच्या मुदत ठेवीत जातील. म्हणून मी वर ७ टक्के धरले. ८.२ धरून 'फरक फक्त सत्तर हजारांचा' असं दाखवणारा कागद कुणी तुमच्यापुढे ठेवला, तर त्याला ही मर्यादा विचारा.

महिन्याचं चित्र असं दिसेल. कम्युटेशन घेतलंत तर पेन्शन ४१,३००, साडेपंचवीस लाखांचं ८.२ टक्क्यांनी व्याज महिन्याला सुमारे १७,४००, आणि कम्युटेशनच्या ठेवीचं ७ टक्क्यांनी सुमारे ८,०००. एकूण ६६,७००. नाही घेतलंत तर ५५,३०० आणि १७,४००, एकूण ७२,७००. फरक ६,००० चा, आणि पावणेचौदा लाखांची मुद्दल तशीच शिल्लक. पत्नीसमोर हा कागद ठेवा आणि दोघांनी मिळून गेल्या बारा महिन्यांचा खर्च पासबुकावरून काढा. औषधं, घराची डागडुजी, पावसाळ्याआधीची कौलं, लग्नकार्यातले आहेर, सगळं धरून. त्यांचा चौदा हजारांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर 'महिन्याला सहा हजार कमी, आणि ठेव हातात' असं आहे. अट एकच, ठेव ठेव म्हणूनच राहिली पाहिजे.

ही अट मी मुलाच्या गाडीसाठी सांगतोय. गाडीला त्याने स्वतःच्या नावावर वाहनकर्ज काढावं, हप्ता गाडीच्या कमाईतून फेडावा. पर्यटनाचा धंदा पावसात बसतो, तेव्हा हप्ता कसा भरणार हे बँक त्याला विचारेल, आणि तो प्रश्न त्याला कुणीतरी विचारायलाच हवा. मदत करायचीच असेल तर ग्रॅच्युइटीतून एक ठरावीक आकडा द्या आणि तिथेच थांबा. कम्युटेशनचे पैसे गाडीत गेले तर तुमची पेन्शन पंधरा वर्षं कापली जाईल आणि गाडी त्याच्या आधीच भंगारात जाईल.

माझा सल्ला असा. ही रक्कम तुमच्या आणि पत्नीच्या जोडनावावर ठेवीत टाकायची आणि तिला दुसरीकडे हात लावायचा नाही, एवढं दोघांना पाळता येणार असेल, तर पूर्ण ४० टक्के घ्या. कारण तुमच्या घरातलं खरं कमजोर ठिकाण तुमची पेन्शन नाही, सदुसष्टनंतरची पत्नीची फॅमिली पेन्शन आहे. ती ३५,००० वरून २१,००० वर येते. तुम्ही अडुसष्ट-सत्तरीला गेलात तर कम्युटेशन न घेतल्याने वाचवलेले पैसे महिन्याच्या खर्चात केव्हाच विरलेले असतील. घेतलं असेल तर पावणेचौदा लाख तिच्या नावावर उभे असतील आणि कपातही थांबलेली असेल. त्यासाठी तुम्ही दीर्घायुषी झालात तर आजच्या किमतीत पावणेदोन-दोन लाख मोजताय, आणि मधुमेह असताना एवढं संरक्षण देणारी विमा पॉलिसी तुम्हाला साठीला त्या भावात मिळणार नाही.

ही अट पाळणं अवघड वाटत असेल, घरात पैशाला वाटा फुटणार असं दिसत असेल, तर कम्युटेशन घेऊ नका. दरमहा येणारी पेन्शन एकदम कुणी मागू शकत नाही. मधला मार्गही आहे. चाळीस ही कमाल मर्यादा आहे, त्याहून कमी टक्के लिहिता येतात. २० टक्के लिहिलेत तर कपात ७,००० आणि रक्कम ६,८८,२९६. व्याजदर तोच पडतो, म्हणून हिशेबाच्या दृष्टीने त्यात कमीजास्त काही नाही. प्रश्न फक्त किती रकमेवर तुमचा ताबा राहील एवढाच.

आता कागदांचं. निवृत्तीआधी भरायचा अर्ज म्हणजे कम्युटेशन नियमांतला फॉर्म १-ए. तो पेन्शनच्या इतर फॉर्मबरोबर कचेरीप्रमुखाकडे द्या आणि पोच घ्या. त्यात टक्के आकड्यांत आणि अक्षरांत लिहा. मोकळी सोडलेली जागा दुसरं कुणीतरी 'नेहमीप्रमाणे' ४० लिहून भरतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ सप्टेंबरला, कम्युटेशन पक्कं होतं. त्यानंतर मन बदललं तरी उपयोग नाही, तेव्हा विचार ऑगस्टच्या आधी संपवा. सोबत कम्युटेशनच्या रकमेचं नामांकन वेगळं भरा. ग्रॅच्युइटीचं नामांकन इथे चालत नाही. १ सप्टेंबर आणि रक्कम खात्यावर येण्याची तारीख यांमध्ये तुमचं काही झालं तर पावणेचौदा लाख नामनिर्देशित व्यक्तीला मिळतात, आणि ते नाव कागदावर नसेल तर घरच्यांना वारसाचे कागद घेऊन फेऱ्या माराव्या लागतात.

कचेरीतून प्रकरण पणजीला लेखा संचालनालयात जाईल आणि तिथून पीपीओ निघेल. पीपीओवर पूर्ण पेन्शन ३५,०००, कपात १४,०००, उरलेली २१,०००, फॅमिली पेन्शनचे दोन्ही दर आणि पत्नीचं नाव-जन्मतारीख आधारप्रमाणे आहे ना, हे त्याच दिवशी तपासा.

पहिली पेन्शन जमा झाली की दोन गोष्टी पाहायच्या. एक, दिलासा ३५,००० वर मोजलाय का. २१,००० वर मोजला तर ५८ टक्क्यांनी महिन्याला ८,१२० कमी येतील. एकूण जमा ३३,१८० दिसली तर हीच चूक आहे असं समजा आणि लगेच लेखी कळवा. दोन, कपात कधीपासून लागली. कम्युटेशनची रक्कम पहिल्या पेन्शनबरोबरच आली तर कपात पहिल्या महिन्यापासून, हे बरोबर. रक्कम उशिरा, समजा डिसेंबरमध्ये खात्यावर आली, तर कपातही त्या तारखेपासून. तोवरची पेन्शन पूर्ण मिळायला हवी. सप्टेंबरपासून कपात आणि रक्कम मात्र डिसेंबरमध्ये, असं झालं असेल तर मधल्या प्रत्येक महिन्याचे १४,००० तुमचे आहेत.

पंधरा वर्षंही याच तारखेपासून मोजतात. कपात सप्टेंबर २०२६ ला लागली तर पूर्ण पेन्शन सप्टेंबर २०४१ पासून. ही तारीख पीपीओच्या मुखपृष्ठाच्या आत ठळक लिहून ठेवा आणि पत्नीला, मुलाला दाखवा. पंच्याहत्तरीचा माणूस पासबुक रोज पाहत नाही, आणि कपात वेळेवर थांबली नाही तर पहिलं कळायला हवं ते घरातल्या कुणाला तरी. २०४१ च्या ऑगस्टमध्येच पेन्शन देणाऱ्या कचेरीला पीपीओची प्रत जोडून एक साधा अर्ज द्या.

एक शेवटची बाब तुमच्या निवृत्तीच्या वर्षामुळे. पुढे वेतन सुधारणा मागच्या तारखेपासून लागू झाली आणि तुमची निवृत्ती त्या तारखेनंतरची ठरली, तर पेन्शन वाढेल आणि कम्युटेशनच्या रकमेचा फरकही मिळेल. त्यासाठी नवा अर्ज लागत नाही, तुम्ही लिहिलेले टक्केच नव्या पेन्शनला लागतात. फरकाबरोबर कपातही वाढते, आणि त्या वाढीव कपातीची पंधरा वर्षं ती लागल्यापासून वेगळी मोजली जातात. म्हणून तसं झालं तर पीपीओवर पहिल्या तारखेखाली दुसरी तारीखही लिहा.